खपली धरली की शाळा

चंद्रपूरच्या एका शाळेत तिसरीच्या वर्गात कांजिण्या निघाल्या आणि बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी सगळ्या पालकांना एक पानी पत्र पाठवलं. नातीच्या दप्तरातून ते माझ्या हाती आलं. पत्र मला आवडलं, पण एक गोष्ट त्यात हवी होती असं वाटतं.

आधी आवडलेलं. मुलाला घरी किती दिवस ठेवायचं, याचं उत्तर आपल्याकडे दोन टोकांचं असतं. कुणी ताप उतरला की पाठवतं, कुणी सगळ्या खपल्या गळून माता जाईपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे बसवून ठेवतं. डॉक्टरांनी एकच खूण दिली: सगळ्या फोडांवर खपली धरली आणि नवा फोड येणं थांबलं, की शाळेत या. खपली गळायची वाट पाहू नका, कारण सुकलेल्या खपलीतून लागण होत नाही. याला बहुधा पाच ते सात दिवस लागतात.

मग वर्गच बंद का करत नाही, हा पालकांचा प्रश्न. त्याचं उत्तर तारखांत आहे. समजा, एका मुलाला गुरुवारी ५ फेब्रुवारीला पुरळ उठलं. पण तो त्याआधीचे एक-दोन दिवस, म्हणजे ३ आणि ४ तारखेलाच रोग पसरवत होता, आणि तेव्हा तो बाकावर बसून पाढे म्हणत होता. ज्यांना त्याच्याकडून लागण झाली, त्यांना पुरळ दहा ते एकवीस दिवसांनी उठणार, म्हणजे १३ ते २५ फेब्रुवारीच्या दरम्यान. ६ तारखेला वर्ग बंद करून काय साधणार? त्यापेक्षा त्या तेरा दिवसांत रोज सकाळी पोरांची पाठ-पोट बघा आणि पुरळ दिसलं की घरी ठेवा. ज्याला काहीच झालेलं नाही त्याला, आणि आजाऱ्याच्या धडधाकट भावंडालाही, घरी बसवायचं कारण नाही.

घरच्या काळजीत डॉक्टरांनी आपल्या समजुतींना हळूच हात घातलाय. अंघोळ बंद करू नका, रोज कोमट पाणी घाला. कडुनिंबाचा पाला पाण्यात टाकायला हरकत नाही, पण त्याने अंग घासू नका, फोड फुटतात. नखं कापा. तापाला फक्त पॅरासिटामॉल, किलोमागे १५ मिलिग्रॅम, सहा तासांनी, दिवसात जास्तीत जास्त चार वेळा. २० किलोच्या मुलाला ३०० मिलिग्रॅम होतात. बाटलीवर ५ मिलीत २५० लिहिलं असेल तर ६ मिली, १२५ असेल तर १२ मिली. बाटली न वाचता चमच्याने मोजलं की डोस दुप्पट किंवा निम्मा होतो. अ‍ॅस्पिरिन मुळीच नाही, त्याने यकृत आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. आयबुप्रोफेनही टाळा. उतरलेला ताप परत चढला, फोडाभोवती लाल, गरम सूज आली, धाप लागली, मूल गुंगीत गेलं किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर थांबू नका, दवाखाना गाठा.

आता जे हवं होतं ते. हे पत्र घर गृहीत धरतं. पलीकडे गडचिरोलीत एटापल्ली-भामरागडकडची कितीतरी मुलं आश्रमशाळेत राहतात. तिथे 'घरी ठेवा'चा अर्थ 'घरी पाठवा' असा होतो. फोड ओले असलेलं मूल गच्च भरलेल्या एसटीत बसतं. शेजारी गरोदर बाई असू शकते. घरी तान्हं भावंडं असू शकतं. ज्या गरोदर बाईला आधी कांजिण्या झाल्या नाहीत तिला, आणि नवजात बाळाला, हा रोग शाळकरी पोरापेक्षा फार जड जातो.

माझं मत असं, की अशा शाळेत एक वेगळी, खिडक्यांची खोली ठेवावी, आजारी मुलं खपली धरेपर्यंत तिथेच राहावीत, त्यांना जेवण तिथेच मिळावं, आणि शुश्रूषा अशा माणसाने करावी ज्याला कांजिण्या होऊन गेल्या आहेत. पालकांना निरोप जावा आणि भेटायला येऊ द्यावं, पण घरी तान्हं मूल किंवा गरोदर बाई आहे का, हे आधी विचारावं. प्रकृती बिघडली तर तालुक्याला न्यायला गाडी कुणाची, हे आधीच ठरलेलं असावं.

लस आहे. पण ती सरकारी लसीकरणात नाही, खासगीत विकत घ्यावी लागते, दोन डोस. चंद्रपूरच्या पालकांना पत्रातली ती ओळ उपयोगी पडेल, भामरागडच्या बापाला नाही. म्हणून त्याच्यासाठी ती खोलीच खरी सोय. डॉक्टरांना मी सुचवणार आहे: याच पत्राची दुसरी प्रत आश्रमशाळेच्या अधीक्षकांसाठी लिहा, आणि पालकांसाठी गोंडी-माडियातून कुणी वाचून दाखवेल असं बघा.