खालाला रागवण्याआधी 1930 लावा

आपल्या घरांत ऑनलाइन फसवणुकीबद्दल एक वाक्य ठरलेले असते: "शिकलेली नाही ना, म्हणून फसली." मला हे वाक्य खोटे वाटते, आणि घातकही.

मिरजेतल्या माझ्या खालाचेच उदाहरण घ्या. ईदसाठी नातवाला मागवलेला कुर्ता लहान झाला, तिने तो परत केला. 1,450 रुपये यायचे होते. अ‍ॅपमध्ये फोन नंबर कुठेच नाही, फक्त चॅट, आणि त्यात तेच तेच तयार पर्याय. मग तिने कोणीही करील तेच केले. कंपनीचे नाव आणि पुढे 'कस्टमर केअर नंबर' असे सर्च केले. सर्वात वर ठळक अक्षरांत एक नंबर आला. तो कंपनीच्या साइटवरचा नव्हता, भलत्याच पानावरचा साधा दहा आकडी मोबाइल नंबर होता. सर्च इंजिन नंबर शोधून दाखवते, तो कोणाचा आहे याची हमी देत नाही. नकाशावरच्या नोंदींत तर कोणीही दुरुस्ती सुचवू शकतो. 2018 मध्ये महाराष्ट्रात बँकेच्या शाखांचे नंबर असेच बदलून लोकांना लुटल्याच्या तक्रारी सायबर पोलिसांकडे आल्या होत्या.

पलीकडचा माणूस गोड बोलणारा. "अम्मी, रिफंड मंजूर आहे, फक्त सर्व्हर अडला आहे." त्याने एक सपोर्ट अ‍ॅप टाकायला सांगितले. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर क्विकसपोर्ट अशी ही अ‍ॅप खरी असतात, प्ले स्टोअरवरच मिळतात. संगणक दुरुस्त करणारे ती रोज वापरतात. त्यामुळे फोन व्हायरसचा इशारा देत नाही. अ‍ॅप उघडल्यावर एक आकडा दिसतो, तो म्हणजे तुमच्या फोनचा पत्ता. खालाने तो वाचून दाखवला, मग आलेल्या परवानगीला 'होय' केले. त्या क्षणापासून तिची स्क्रीन त्यालाही दिसत होती, येणाऱ्या ओटीपीसकट.

पण पैसे गेले ते पुढच्या पायरीवर. काही बँकांची अ‍ॅप स्क्रीन शेअर चालू असेल तर उघडतच नाहीत, म्हणून तो यूपीआयकडे वळला. "रकमेच्या जागी रिफंड कोड टाका, 24999." तिला तो कोड वाटला. मग पिन. "एरर आला, पुन्हा टाका." दोनदा मिळून 49,998 रुपये. इथे एकच गोष्ट माहीत हवी होती: यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन म्हणजे तुमच्या खात्यातून पैसे जाणार. पिनच्या पानावर रक्कम आणि कोणाला जाते ते लिहिलेले असते, पण कानाशी कोणी घाई करत असेल तर ते कोण वाचणार?

आता माझा खरा राग. खालाने हे दोन दिवस कोणाला सांगितले नाही. मुलगा ओरडेल, सून हसेल, मोहल्ल्यात चर्चा होईल. पैसे पहिल्या खात्यातून पुढच्या खात्यात, तिथून एटीएमवर जायला फार वेळ लागत नाही. 1930 वर लगेच फोन केला तर ज्या खात्यात पैसे अजून पडून आहेत ते रोखता येतात. दोन दिवसांनी रोखायला काय उरते? चोराने पैसे नेले, पण हे दोन दिवस घरच्या धाकाने नेले.

असे कुणाचे झाले तर आधी फोनचे इंटरनेट बंद करा आणि ते अ‍ॅप काढा. दुसऱ्या फोनवरून 1930 लावा, बँकेलाही कळवा. हाताशी वेळ, रक्कम आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर असू द्या. cybercrime.gov.in वरही तक्रार नोंदवता येते. "आमच्या हद्दीत येत नाही" असे ठाण्यात म्हणाले तर झिरो एफआयआरचा आग्रह धरा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्याची तरतूद आहे. बँकेला कळवणे टाळू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ग्राहकाच्या हातून पिन गेला असला, तरी कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेवर येते. आधीचे मात्र बहुधा आपल्याच माथी, हेही खरे.

आणि कंपन्यांचे काय? 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कस्टमर केअर आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नंबर त्यांनी आपल्या मंचावर ठळकपणे द्यायला हवेत. ते चार पडद्यांमागे लपवले जातात, म्हणून माणूस सर्चकडे जातो. नंबर सापडला नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा, जमातीतल्या चार जणांनी मिळून करा.

अम्मीच्या फोनमध्ये ही अ‍ॅप बहुतेक आपणच टाकून देतो. या जुम्म्याला घरी असाल तर तिच्या बँकेचा खरा नंबर कार्डाच्या मागून पाहून तिच्या फोनमध्ये सेव्ह करा, त्याखाली 1930 ठेवा, आणि तिला सांगा की काही झाले तर रात्री दोन वाजताही मला उठव.