'का काढलंत?' एवढंच विचारा

भाच्याला खाजगी शाळेने काढलं. नऊ वर्षांची कायम नोकरी, आणि पत्रात एक ओळ : "तक्रारी व चौकशी अहवाल पाहता सेवा समाप्त." घरातली वडीलधारी मंडळी म्हणाली, "संस्थाचालकांना दुखवू नकोस, भेटून विनंती कर." मला हे अजिबात पटलं नाही. विनंती तोंडी राहते, उत्तरही तोंडीच मिळतं.

त्याने लिहिलेलं तीन पानी गाऱ्हाणं मी फाडलं. (मास्तरकीची खोड!) चार ओळी लिहायला लावल्या : अमुक तारखेचा आदेश मिळाला, काढण्याची कारणं लेखी कळवा, ज्या तक्रारी व अहवालावर विसंबलात त्यांच्या प्रती सात दिवसांत द्या. स्वतःची बाजू त्यात मांडायची नाही. तक्रार काय, हेच माहीत नसताना खुलासा कशाचा? पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं, प्रत आणि पावती जपली. उत्तर आलं नाही, तर ते मौनही शाळा न्यायाधिकरणापुढे दाखवता येतं.

मात्र उत्तराची वाट पाहत बसू नये. 1977च्या कायद्याच्या कलम 9 प्रमाणे अपिलाची 30 दिवसांची मुदत आदेश मिळाल्यापासून मोजतात, आपल्या पत्रापासून नव्हे. भाच्याचे अकरा दिवस वडीलधाऱ्यांच्या सल्ल्यातच गेले होते.