पत्रातला 42160 बरा, पण 6/5/2015 नको



पेण काय आणि रोहा काय, आता बहुतेक शाळांत मुलांची यादी एक्सेलमध्ये असते आणि दाखले, पालकांची पत्रं वर्डच्या मेल मर्जने निघतात. मग कधीतरी जन्मतारखेच्या जागी 42160 छापून येतं आणि सगळे वैतागतात. माझं मत थोडं वेगळं आहे. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. खरी भीती न दिसणाऱ्या चुकीची आहे.

आधी हा आकडा कुठून येतो ते बघू. एक्सेल तारीख साठवत नाही, दिवस मोजून साठवतं. १ जानेवारी १९०० ला १ धरलं, की ५ जून २०१५ म्हणजे 42160. आपल्याला तारीख दिसते ती फक्त वरची सजावट. मेल मर्ज आतला आकडा उचलतं, सजावट मागेच राहते. बऱ्याचदा वर्ड त्याची तारीख करतं खरं, पण अमेरिकन पद्धतीने, महिना आधी. मग पत्रात येतं 6/5/2015. पालक वाचणार ६ मे! १५ जूनचं मूल असेल तर 6/15/2015 लगेच खटकतं. ५ जूनचं मूल मात्र गुपचूप महिनाभर मोठं होतं.

रकमेचंही तसंच. समजा, पेणहून रोह्याला सहल, बसभाडं ७००० रुपये, मुलं ३६. शीटमध्ये 194.44 दिसतं, पत्रात 194.44444 अशी शेपटी लागते.

वर्डमध्ये फील्डच्या आत कोड लिहून हे सुधारता येतं. पण तो कोड लपलेला असतो. आपली बदली झाली की पुढच्या शिक्षकाला कळतही नाही. म्हणून शीटमध्येच शेजारी नवे रकाने करावेत. तारीख C मध्ये आणि रक्कम D मध्ये असेल, तर:

```
=TEXT(C2,"dd-mm-yyyy")
=TEXT(D2,"0.00")
```

सूत्र खालपर्यंत ओढा, शीट सेव्ह करून बंद करा आणि पत्रात जुन्याऐवजी नव्या रकान्याचं फील्ड घाला.

दोन गोष्टी मात्र सूत्र सांभाळत नाही. जन्मतारीख रिकामी असेल तर ते 00-01-1900 छापतं. आणि कुणी तारीख मजकूर म्हणून टाइप केली असेल आणि एक्सेलला ती तारीख म्हणून ओळखता आली नाही, तर ती आहे तशीच येते. रकान्याला मुद्दाम डावी-उजवी ओळ लावलेली नसेल, तर अशी तारीख चौकटीत डावीकडे चिकटलेली दिसते. खरी तारीख उजवीकडे असते.

छापण्याआधी पहिलंच पत्र बघून समाधान मानू नका. ज्या मुलाचा जन्मदिवस १२ तारखेच्या आतला आहे आणि दिवस-महिन्याचे आकडे वेगळे आहेत, त्याचं पत्र काढा आणि जनरल रजिस्टरशी ताडून बघा. तेवढं जुळलं, की मगच प्रिंटरला कागद लावा.