डॉक्टरांचं पत्र येतं तेव्हा



आज जरा जड विषय आहे, पण महादेवपुऱ्यात राहणाऱ्या आपल्यासारख्या घरांना कधी ना कधी गाठणारा. हूडी, गरुडाचारपाळ्या, व्हाइटफील्ड इकडे नोकरीला आलेली मराठी मुलं आईवडिलांना गावाहून इथे घेऊन येतात. आजारपण इथेच येतं आणि कधीकधी मरणही इथल्याच एखाद्या मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूत येतं. बिल भरलं जातं, डेथ समरी आणि मृत्यूच्या कारणाचा दाखला हातात पडतो आणि ज्या डॉक्टरांच्या तोंडाकडे आपण दहा-बारा दिवस बघत होतो, ते पुन्हा कधीच दिसत नाहीत.

काही डॉक्टर मात्र नंतर घरी पत्र पाठवतात. आपल्याकडे ही पद्धत फारशी नाही. इंग्लंड-अमेरिकेत ती जुनी आहे. २००१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात तीन जणांनी मिळून एक लेखच लिहिला होता, की पेशंट गेल्यावर त्याच्या घरच्यांना पत्र लिहिणं हा डॉक्टरांच्या कामाचाच भाग आहे.

ऐकल्यावर वाटतं, किती छान! पत्र आलं की मनाला आधार मिळणारच. फ्रान्समधल्या डॉक्टरांनाही असंच वाटलं होतं आणि त्यांनी ते नीट तपासून पाहिलं. त्या अभ्यासाबद्दल सांगते, कारण त्यातून निघालेलं उत्तर कुणाच्याच अपेक्षेसारखं नव्हतं.

२०१७ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. फ्रान्समधल्या २२ आयसीयूंमध्ये गेलेल्या पेशंटांचे २४२ नातेवाईक त्यात होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला मृत्यूनंतर साधारण १५ दिवसांनी हाताने लिहिलेलं पत्र गेलं, दुसऱ्या गटाला काहीच गेलं नाही. पत्रात काय असावं हेही ठरलेलं होतं: गेलेल्या माणसाचा नावाने उल्लेख, त्याच्याबद्दलची एखादी खास आठवण किंवा गुण, नातेवाइकांनी काय केलं त्याची दखल, मदतीची तयारी आणि शेवटी सहानुभूतीचे शब्द.

महिन्याभराने पाहिलं तर दोन्ही गटांत फरक दिसला नाही. सहा महिन्यांनी दिसला, पण उलटा. पत्र न मिळालेल्यांपैकी शंभरातल्या साधारण २५ जणांना नैराश्याची लक्षणं होती, पत्र मिळालेल्यांपैकी ३७ जणांना. त्या दिवसांच्या आठवणी अंगावर येणं, दचकणं, झोप उडणं अशी आघाताची लक्षणं पत्र न मिळालेल्या शंभरातल्या ३७ जणांना होती आणि पत्र मिळालेल्या शंभरातल्या ५२ जणांना.

मग पत्र वाईट का? तसंही सरळ म्हणता येत नाही. अभ्यासात बऱ्याच नातेवाइकांनी सांगितलं की पत्राने बरं वाटलं, हॉस्पिटलमध्ये आपल्याला माणूस म्हणून कुणीतरी पाहिलं असं वाटलं. पण काहींच्या मनात शंका आणि दुखरेपणाही उरला. मला यातून जे समजतं ते असं: पत्र आलं की आयसीयूचे दिवस पुन्हा समोर उभे राहतात. मनात आधीपासून घोळणारे प्रश्न वर येतात आणि उत्तर द्यायला समोर कोणी नसतं. कागदाला उलट विचारता येत नाही.

या समजाला बळ देणारा दुसरा अभ्यास त्याच संशोधकांनी २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापला. या वेळी ३४ आयसीयू आणि ८७५ नातेवाईक होते. पत्राऐवजी तीन पायऱ्या ठेवल्या. मृत्यू जवळ आला आहे हे कळल्यावर आधीच घरच्यांशी बसून बोलायचं. शेवटच्या वेळी डॉक्टर आणि नर्सने खोलीत येऊन सोबत करायची. आणि मृत्यूनंतर पुन्हा भेटून सांत्वन करायचं, प्रश्नांना उत्तरं द्यायची. सहा महिन्यांनी, लांबलेल्या दुःखाची लक्षणं नेहमीच्या पद्धतीत शंभरातल्या २१ जणांना होती, या पद्धतीत १५ जणांना. म्हणजे फरक पडला तो भेटीगाठींनी.

आता हे आपल्या घरात कसं दिसेल ते बघू. समजा, कराडहून मुलाकडे आलेले ७१ वर्षांचे आजोबा न्यूमोनियाने इथल्या आयसीयूत ११ दिवस होते आणि गेले. तेरावं झालं, पाहुणे परतले, घर शांत झालं. नेमकं तेव्हा हॉस्पिटलचं पाकीट येतं. आत छापील कागद: “आपल्या प्रिय व्यक्तीच्या दुःखद निधनाबद्दल आमचं हॉस्पिटल कुटुंबीय तीव्र दुःख व्यक्त करतं. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.” खाली कुणाची तरी न कळणारी सही.

यात चुकीचं काही नाही. पण नाव बदलून हाच कागद शेजारच्या घरी पाठवला तरी चालेल. पत्र खरं आहे की नुसता रिवाज, हे ओळखायची माझी खूण हीच. आता तेच पत्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी आजींना असं लिहिलं तर?

“अम्मा, नमस्कार. तुमचे यजमान १४ तारखेला पहाटे गेले, याचं मला फार दुःख आहे. पहिले तीन दिवस ते बोलत होते. मी राऊंडला गेलो की आधी माझंच जेवण झालं का ते विचारायचे. तुम्ही रोज दोन्ही वेळच्या भेटीला येऊन त्यांचा हात धरून बसायचा, हे आमच्या सगळ्या सिस्टरांनी पाहिलं आहे. शेवटच्या दोन दिवसांत त्यांना गुंगीचं आणि वेदना कमी करण्याचं औषध सतत सुरू होतं. वेदनेच्या खुणा आम्ही पुन्हा पुन्हा तपासत होतो, त्या दिसल्या नाहीत. दोन दिवस आधी आणलं असतं तर काय झालं असतं, असं तुम्ही मला विचारलं होतं. त्यावर पत्रात लिहिण्यापेक्षा समोर बसून बोलू. कुठल्याही गुरुवारी दुपारी चार वाजता या. मुलाला किंवा सुनेला सोबत आणा, म्हणजे ते तुम्हाला मराठीत सांगतील.”

जेवणाबद्दलची ओळ फक्त त्याच डॉक्टरांना माहीत होती. घरच्यांना ती आजोबांची नवी आठवण म्हणून मिळाली. वेदनेबद्दलची ओळ आजींच्या मनातल्या न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देते. मात्र ती खरी असेल तरच लिहायची. वेदना झाल्या असतील तर “शांतपणे गेले” असं लिहिणं घातक, कारण आजींनी त्यांचा चेहरा पाहिलेला असतो. “आधी आणलं असतं तर” या प्रश्नावर “काहीच फरक पडला नसता” असं गोड बोलायचा मोह होतो. पण कधीकधी फरक पडला असताही. म्हणून डॉक्टर तिथे थांबतात आणि भेटीचा वार-वेळ देतात. “काही लागलं तर कळवा” म्हटल्यावर कोणी कळवत नाही. गुरुवारी चार वाजता म्हटलं तर माणूस जातो.

इथे भाषेचीही एक गोष्ट आहे. बंगळुरूचे डॉक्टर पत्र बहुतेक इंग्रजीत लिहितील. ते मुलाला वाचता येईल, पण नवरा गेला आहे तो आजींचा आणि त्यांना मराठीच येतं. मग मुलगा वाचून दाखवतो आणि ‘आय ॲम सॉरी’पाशी अडतो. इंग्रजीत एकाच ‘सॉरी’मध्ये दुःखही येतं आणि माफीही. याच शब्दामुळे डॉक्टरही बिचकतात. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. तेव्हापासून लेखी ‘सॉरी’ उद्या कोर्टात चूक कबूल केल्यासारखी दाखवली जाईल, ही भीती असते. इंग्लंडमध्ये तर २००६ च्या कायद्यात लिहावं लागलं, की माफी मागितली एवढ्यावरून निष्काळजीपणा कबूल केला असं धरायचं नाही.

मराठीत हा घोळ होत नाही. ‘मला वाईट वाटतं’ वेगळं आणि ‘मला माफ करा’ वेगळं. म्हणून घरी पत्र वाचून दाखवणाऱ्याने जपून शब्द निवडावा. दुःखाच्या जागी ‘माफी’ वाचलंत, तर आजींच्या मनात आयुष्यभराची शंका पेराल, की डॉक्टरांनी काहीतरी चूक केली होती म्हणूनच ते माफी मागत आहेत. आणि खरंच काही चूक झाली असेल, तर ती सांत्वनाच्या पत्रात दोन ओळींत गुंडाळायची गोष्ट नाही. ती समोर बसवून, स्पष्ट सांगायला हवी.

पत्र आलंच नाही तर? आपल्याकडे बहुतेकदा असंच होतं. तेव्हा भेट आपणच मागायची. तेराव्यानंतर, मन जरा थाऱ्यावर आलं की उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या ओपीडीत फोन करायचा आणि सांगायचं, “बाबा तुमच्याकडे होते. आम्हाला तक्रार करायची नाही, आईचे काही प्रश्न आहेत, पंधरा मिनिटं हवीत.” जाताना डेथ समरी घेऊन जा आणि आईचे प्रश्न तिच्याच शब्दांत कागदावर लिहून न्या. सगळे कागद हवे असतील तर लेखी अर्ज करा. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार पेशंटच्या अधिकृत माणसाने मागितलेली कागदपत्रं ७२ तासांत द्यावी लागतात.

आणि आईला सोबत न्या. “तिला कशाला त्रास” म्हणून मुलं एकटीच जाऊन येतात आणि घरी येऊन “सगळं ठीक होतं” एवढंच सांगतात. पण रात्री जागी राहून ‘आपण उशीर केला का’ असं स्वतःला विचारणारी तीच असते. उत्तर तिला तिच्या कानांनी ऐकू द्या आणि पुढचा प्रश्नही तिलाच विचारू द्या.