‘होणार आहे’ म्हणजे नेमके काय?

मराठीतील जाहीर निवेदनांचा भविष्यकाळ आज जवळजवळ एकाच साच्यात ओतला जातो आहे. सभा ‘घेण्यात येणार आहे’, रस्ता ‘बंद करण्यात येणार आहे’, जमीन ‘संपादित करण्यात येणार आहे’. वाचकाला कळते ते एवढेच, की पुढे काहीतरी घडेल. ते अगदी तोंडावर आले आहे, वेळापत्रकानुसार अपेक्षित आहे, की कोणी अधिकाराने तसे ठरवले आहे, हे मात्र कळत नाही. इंग्रजी शिकवणारे या तीन छटा ‘बी अबाउट टू’, ‘बी ड्यू टू’ आणि ‘बी टू’ अशा वेगळ्या काढून दाखवतात, आणि आपले विद्यार्थी तिन्हींच्या पुढे निमूटपणे ‘-णार आहे’ लिहितात. परंतु मराठीत या छटांना स्वतंत्र रूपे नाहीत, हे खरे नाही. ती आहेत, आणि निवेदन लिहिणाऱ्याने ती वापरली नाहीत, तर कोणाचे तरी नुकसान होऊ शकते.

मुंबई-हावडा मार्गावरील अकोला किंवा बडनेरा स्थानकाचे उदाहरण घेऊ. गाडी दहा वाजता ‘यायची आहे’ हे वेळापत्रकाचे विधान आहे. गाडी मूर्तिजापूरलाच अडकून पडली असली तरी ते खोटे ठरत नाही. ‘दहाला यायची आहे, पण तासभर उशिरा धावते आहे’ असे आपण सहज म्हणतो. याउलट गाडी ‘येण्याच्या बेतात आहे’ या विधानाला घड्याळाशी कर्तव्य नाही. त्याला समोर पुरावा लागतो: सिग्नल पडला आहे, हमाल उठून उभे राहिले आहेत. म्हणून ‘गाडी येण्याच्या बेतात आहे, पण तासभर उशिरा येईल’ हे वाक्य कानाला खटकते. वऱ्हाडी बोलीत अशा वेळी ‘गाडी येऊन राह्यली’ एवढे पुरते, आणि स्थानकावरील निवेदनही ‘थोड्याच वेळात येत आहे’ असा वर्तमानकाळच वापरते. घटना जितकी जवळ, तितकी भाषा भविष्याकडून वर्तमानाकडे सरकते.

तिसरी छटा आज्ञेची किंवा ठरावाची. ‘परीक्षार्थींनी साडेनऊला हजर राहावयाचे आहे’ या वाक्यात भाकीत नाही आणि वेळापत्रकही नाही. त्यात कोणाचा तरी अधिकार आहे. वर्तमानपत्रातील ‘प्लॉट विकणे आहे’ किंवा ‘रिक्त पदे भरावयाची आहेत’ या छोट्या जाहिराती याच घरातल्या. पहिलीत मालकाचा निर्णय आहे, दुसरीत संस्थेचा. वऱ्हाडीने तर तत्काळ आज्ञा आणि पुढच्या वेळेची आज्ञा यांना वेगळी रूपेच दिली आहेत. ‘ये’ म्हणजे आत्ता. ‘उद्या येजो’ म्हणजे उद्यासाठी आजच दिलेली सूचना. प्रमाण मराठीने हे ‘-जो’ रूप आपल्या लेखनात घेतले नाही, पण ‘-वयाचे आहे’ हा त्याचा औपचारिक भाऊ तिच्याजवळ आहे.

या तिन्ही रूपांची ओळख पटवण्याची एक सोपी कसोटी आहे: वाक्य भूतकाळात न्यावे. ‘सभा सुरू होण्याच्या बेतात होती’ म्हटले की पुढे काही अचानक आड आले असावे असे वाटते. दोष कोणाचा नाही. ‘सभा दहाला सुरू व्हायची होती’ म्हटले की वेळ चुकल्याची जाणीव होते. ‘अध्यक्षांनी सभा बोलवावयाची होती’ म्हटले की एका माणसाकडे बोट जाते. आता प्रचलित साचा याच कसोटीवर लावून पाहा: ‘सभा घेण्यात येणार होती’. का झाली नाही? कोणी घ्यायची होती? वाक्य गप्प आहे. ‘-ण्यात येणे’ ही रचना कर्ता गाळते आणि ‘-णार’ निश्चितीची मात्रा गाळतो. दोन्ही एकत्र आले की जबाबदारीला वाक्यात जागाच उरत नाही.

हा निव्वळ शैलीचा वाद नाही, हे भूमिसंपादनाच्या सूचनांत दिसते. १८९४ च्या कायद्यात आणि त्याच्या जागी आलेल्या २०१३ च्या कायद्यात भविष्याची पायरी शब्दांनीच आखलेली आहे. २०१३ च्या कायद्यातील कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना म्हणते की जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठी आवश्यक आहे ‘किंवा आवश्यक असण्याची शक्यता आहे’. या ‘शक्यते’मुळेच कलम १५ खाली साठ दिवसांत हरकत घेता येते. पुढे कलम १९ च्या घोषणेत ‘शक्यता’ गळून पडते आणि जमीन आवश्यक आहे असे ठाम विधान येते. त्यानंतर कलम २१ ची सूचना सांगते की शासनाचा जमिनीचा ताबा घेण्याचा इरादा आहे, आणि हितसंबंधितांनी आपले दावे मांडावेत. शक्यता, निश्चिती, इरादा: तीन टप्पे, तीन क्रियारूपे, आणि प्रत्येक टप्प्यावर शेतकऱ्याने करावयाची गोष्ट निराळी.

समजा, अकोट तालुक्यातील एखाद्या गावात कलम ११ ची अधिसूचना लागली, आणि तिची बातमी किंवा तोंडी दवंडी ‘जमिनी संपादित करण्यात येणार आहेत’ अशी झाली. हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पण ते ऐकणारा शेतकरी समजतो की सारे ठरून गेले, आता भरपाईचे तेवढे पाहायचे. तो हरकत घेत नाही. साठ दिवस उलटतात. ‘लागण्याची शक्यता आहे, हरकत असल्यास साठ दिवसांच्या आत लेखी कळवावयाची आहे’ असे म्हटले असते, तर पहिल्या अर्ध्या वाक्याने त्याला उघडे दार दाखवले असते आणि दुसऱ्याने त्या दाराची मुदत. उलट चूकही संभवते. ‘शक्यता’ म्हणजे अजून काही नाही, असे समजून कोणी जमीन विकायला काढतो. परंतु त्याच कलम ११ नुसार अधिसूचना निघाल्यापासून त्या जमिनीचे व्यवहार थांबतात आणि ते करायचे झाल्यास जिल्हाधिकाऱ्यांची सूट लागते. शक्यता संपादनाची आहे; बंधन मात्र आजचे आहे. दोन्ही गोष्टी एकाच ‘होणार आहे’त कोंबल्या की वाचक एकतर घाबरतो नाहीतर बेसावध राहतो.

‘-ण्यात येईल’ हे रूप सरसकट टाकून द्यावे असे माझे म्हणणे नाही. ‘मुदतीनंतर आलेल्या अर्जांचा विचार केला जाणार नाही’ अशा नियमात कर्ता कोण हे गौण असते, परिणाम महत्त्वाचा असतो; तिथे कर्ता गाळणे रास्तच. आक्षेप आहे तो नियम, बेत, वेळापत्रक आणि अंदाज या चौघांनाही एकच अंगरखा चढवण्याला. त्यातून भाषा दरबारी दिसते, पण ती माहिती देत नाही.

तेव्हा मराठीच्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. व्यावहारिक मराठीच्या तासाला निवेदनलेखनाचे नमुने पाठ करून घेण्याऐवजी वर्तमानपत्रातील पाच जाहीर सूचना वर्गात आणाव्यात, त्यांतील प्रत्येक ‘-णार आहे’ खाली रेघ ओढावी, आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावेत: कोणी ठरवले, कधी, आणि अजून बदलू शकते का? ज्या वाक्याला तिन्हींची उत्तरे देता येत नाहीत, ते विद्यार्थ्यांनी पुन्हा लिहावे. बहुतेक वेळा त्यांच्या लक्षात येईल की अडचण शब्दांची नव्हतीच. लिहिणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नव्हते, किंवा ते सांगायचे नव्हते.