फक्त नाव आणि नंबर

आमच्या इमारतीत चार महिन्यांपूर्वी राहायला आलेल्या तरुणाने दुचाकीच्या कर्जाचा अर्ज पुढे केला. ‘काका, फक्त नाव आणि नंबर द्यायचाय, सही नको.’ त्याचे आडनाव मला दारावरच्या पाटीमुळे माहीत होते. नोकरी कुठे करतो, पगार वेळेवर होतो का, आधीची काही कर्जे आहेत का, यातले काहीच ठाऊक नव्हते. मी नाही म्हटले. तो थोडा खट्टू झाला, पण त्याने ऐकून घेतले.

‘सही नको’ हे त्याचे म्हणणे खरेच होते. ‘रेफरन्स’च्या रकान्यात नाव असले म्हणून कर्ज आपल्या डोक्यावर येत नाही. कर्ज अंगावर येते ते जामीनदाराच्या. भारतीय करार कायदा, 1872 चे कलम 128 सांगते की, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. म्हणजे ‘आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ असे जामीनदाराला सहसा म्हणता येत नाही. म्हणून अर्ज समोर आला की पहिले काम रकान्याचे शीर्षक वाचण्याचे. ‘नुसती साक्षीची सही आहे’ असे सांगून पुढे केलेला कागद जामीनपत्र निघाल्याचे किस्से पतसंस्थांच्या गावात कुणीही सांगेल. सही मागितली तर कागद घरी नेऊन वाचावा. नेऊ देत नसतील तर तेवढ्यावरच उत्तर ठरते.

मग नुसत्या नाव-नंबराला हरकत का घ्यायची? कारण त्या रकान्याचे दोन उपयोग असतात. पहिला कर्ज देण्याआधीचा. कंपनीतून फोन येतो आणि यांना किती वर्षे ओळखता, कुठे राहतात, काय करतात असे विचारले जाते. चार महिन्यांची ओळख असताना संकोचापोटी ‘पाच वर्षे’ म्हटले की आपण खोटी माहिती दिली, आणि तीही पैशांच्या व्यवहारात. खरे सांगितले तर अर्जदाराला त्या शिफारशीचा काडीचा उपयोग नाही.

दुसरा उपयोग हप्ते थकल्यावर कळतो. कर्जदाराचा फोन बंद लागला की वसुलीवाले पर्यायी नंबर शोधतात आणि तिथे आपण सापडतो. ‘तुमचा माणूस कुठे आहे?’ या प्रश्नाला कायद्याने आपण बांधील नसतो, पण फोन वाजायचा तो वाजतोच. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये वसुली एजंटांबाबत परिपत्रक काढले. त्यात कर्जदाराचे कुटुंबीय आणि मित्र यांच्याबरोबरच रेफरन्स दिलेल्यांच्याही खासगीपणात घुसून त्रास देऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे. नियमात त्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला, यावरून त्रास कुणाकुणापर्यंत पोचत होता ते ओळखावे.

न विचारता कुणी आपला नंबर लिहून टाकला असेल तर फोनवर वाद घालू नये. कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवावे की मी जामीनदार नाही, नंबर माझ्या संमतीशिवाय दिला आहे, तो नोंदीतून काढा. पुन्हा फोन आल्यास तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचे नाव टिपून ठेवावे.

भाडेकरूच्या बाबतीत मात्र मी थोडा मवाळ आहे. घरमालक ‘माणूस कसा आहे?’ विचारतो, तेव्हा परगावच्या एकट्या मुलीला किंवा आडनाव ऐकूनच ज्याला घर नाकारले जाते अशा कुटुंबाला आपल्या दोन वाक्यांचा आधार होऊ शकतो. तिथे साफ नकार देण्यापेक्षा जेवढे ठाऊक तेवढेच सांगावे: ‘समोरच्या फ्लॅटमध्ये वर्षभर राहतात, आवाजाची कधी तक्रार आली नाही, भाड्याचे मला माहीत नाही.’ यातले ‘मला माहीत नाही’ गाळू नये, आणि ‘मी हमी घेतो’ हे शब्द चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नयेत. आधीच्या घरमालकाला किंवा नोकरीच्या ठिकाणी विचारा, हे सुचवणे भाडेकरूच्याही हिताचे. भाडे वेळेवर आले की नाही हे तेच सांगू शकतात.

नकार देताना कारणांची माळ लावू नये. ‘बायको नको म्हणते’, ‘ऑफिसचा नियम आहे’ अशा सबबींना समोरच्याकडे तोड असते आणि आपण दुसरी सबब शोधत बसतो. मी त्या तरुणाला म्हटले, ‘तुमच्याबद्दल वाईट काही ठाऊक नाही, पण चांगले सांगण्याइतकेही ठाऊक नाही. ऑफिसातल्या वरिष्ठांचे नाव द्या.’ ‘बघतो’ मात्र म्हणू नये. आपले ‘बघतो’ समोरचा होकार म्हणून घेतो आणि संध्याकाळपर्यंत नंबर अर्जावर चढलेला असतो. ‘नाही’ म्हणायचे तर अर्ज भरायच्या आधी, तोंडावर आणि त्याच दिवशी म्हणा.