आलेखातली रेष बरोबर, मग गुण का कापले?

चेंडू 20 मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकला. g = 10 धरून, तो हातात परत येईपर्यंतचा वेग-काल आलेख काढा. भौतिकशास्त्राच्या जुन्या प्रश्नपत्रिका चाळल्या की आकडे बदलून हा प्रश्न भेटतोच.

सूत्र सोपं आहे: v = 20 − 10t. सुरुवातीला वेग 20, दोन सेकंदांनी शून्य, चार सेकंदांनी उणे 20. म्हणजे आलेख एकच सरळ रेष, अक्ष ओलांडून खाली जाणारी. तरीही अनेकांच्या वहीत इंग्रजी V उमटतो, कारण चेंडू खाली येताना वेग ‘वाढतो’ असं वाटतं. वाढते ती चाल. वेगाला दिशा असते आणि ती आता उलटी आहे. V काढला तर दोन सेकंदांना रेषेचा चढ उणे 10 वरून अचानक अधिक 10 होतो, म्हणजे गुरुत्वाकर्षण वरच्या दिशेने ओढायला लागलं!

आता प्रमाण. X-अक्षावर 1 सेमी = 0.5 सेकंद आणि Y-अक्षावर 1 सेमी = 5 मीटर प्रति सेकंद घ्या. कागदावर रेष 8 सेमी उजवीकडे आणि 8 सेमी खाली जाते, म्हणजे अक्षाशी 45 अंश. पहिल्या वर्षाला असताना मी असल्याच रेषेवर कोनमापक ठेवून त्वरण 1 काढलं होतं. (हसू नका, तुम्हीही कधीतरी केलं असेल.) चढ सेंटिमीटरमध्ये मोजायचा नसतो, अक्षांवरच्या आकड्यांत मोजायचा असतो: उणे 40 भागिले 4, म्हणजे उणे 10. Y-अक्षाचं प्रमाण दुप्पट केलं तर रेष आडवी झुकेल, पण उत्तर उणे 10 च राहील.

क्षेत्रफळाचंही तेच. अक्षाच्या वरचा त्रिकोण कागदावर 8 चौरस सेमी भरतो. एक चौरस सेमी म्हणजे 0.5 गुणिले 5, अर्थात 2.5 मीटर. म्हणून चेंडू 20 मीटर उंच गेला. कोपऱ्यात प्रमाण लिहिलेलं नसेल, तर हे 20 मीटर त्या चित्रातून कुणालाच काढता येणार नाहीत. म्हणूनच प्रमाणाचा नि एककाचा गुण कापणाऱ्या परीक्षकाला मी कंजूष म्हणणार नाही.

प्रश्नात ‘कच्चा आलेख’ म्हटलं असेल तर आलेख कागद आणि प्रमाण नको. पण अक्षांची नावं, एककं आणि 20, उणे 20, 2, 4 हे आकडे हवेतच. गणितात मात्र एक अडचण वेगळी आहे. x² + y² = 25 काढताना दोन्ही अक्षांवर वेगळं प्रमाण घेतलं, तर सगळे बिंदू बरोबर असूनही वर्तुळाचं अंडं होतं. तिथे दोन्ही अक्षांवर प्रमाण एकच घ्या.